चाचरणारे ई-मेल

चाकणच्या एखाद्या कारखान्यातून ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाला गेलेला हा ई-मेल कल्पून पाहा. असे मेल इंग्रजीत लिहिले जातात. इथे मजकूर मराठीतून देतो आहे, पण ज्या शब्दांबद्दल बोलायचं आहे ते जसेच्या तसे ठेवले आहेत.

“सर, जस्ट कळवायचं होतं की कालच्या लॉटमध्ये मे बी थोडा इश्यू असू शकतो. आय थिंक काही नगांमध्ये भोकाचं माप सॉर्ट ऑफ वरच्या बाजूला गेलंय. आमचं चेकिंग चालू आहे. पॉसिबल असेल तर लॉट जरा होल्ड करता आला तर बरं होईल. सॉरी फॉर द ट्रबल.”

हा मेल लिहिणाऱ्या क्वालिटी इंजिनिअरला प्रत्यक्षात बरंच काही माहीत आहे. लॉट ४,८०० ब्रॅकेटचा आहे. दोन्ही पाळ्यांमधून राखून ठेवलेले ५० नग त्याने स्वतः मोजले आहेत. ड्रॉइंगप्रमाणे भोकाचं कमाल माप ८.१० मिलिमीटर. सात नग त्याबाहेर गेले आहेत आणि त्यातलं सर्वांत मोठं भोक ८.१६ आहे. हे सातही नग दुसऱ्या पाळीत ड्रिल बदलल्यानंतरचे आहेत. यातलं एकही वाक्य मेलमध्ये उतरलेलं नाही. खरेदी विभागातला अधिकारी दोन मीटिंगांच्या मध्ये मोबाइलवर हा मेल उघडतो, ‘मे बी’, ‘थोडा’, ‘पॉसिबल असेल तर’ एवढं वाचतो आणि पुढे जातो. त्याच्या दृष्टीने इथे काही करण्यासारखं नाही, इंजिनिअर अजून तपासतोच आहे. दुपारच्या पाळीत लॉट लाइनवर जातो आणि ब्रॅकेट चॅसीवर बसू लागतात.

दुसऱ्या दिवशी ‘आधी का नाही कळवलं?’ असं विचारलं जातं, तेव्हा इंजिनिअर आपला मेल दाखवतो. कळवलं होतं हे खरंच आहे, पण लॉट थांबला नाही आणि मेल त्याचसाठी लिहिला होता.

बोलण्याला मऊ करणाऱ्या अशा शब्दांना भाषाशास्त्रात ‘हेज’ म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांच्या १९७२ सालच्या निबंधामुळे ही संज्ञा रूढ झाली. लेकॉफ हे शब्द वाईट आहेत असं सांगत नव्हते. एखादी वस्तू एखाद्या वर्गात पूर्ण बसत नाही, अर्धवट बसते, तेव्हा हे शब्द नेमकं काम करतात, असं ते दाखवत होते. चिमणीला आपण बेधडक पक्षी म्हणतो. पेंग्विनबद्दल बोलताना ‘एक प्रकारचा पक्षी’ म्हणावंसं वाटतं, कारण तो खरोखरच त्या वर्गाच्या कडेला उभा आहे. ‘सॉर्ट ऑफ’ची जागा तिथे आहे. ८.१६ हे माप मात्र ८.१० च्या कडेवर नाही, बाहेर आहे. तिथे ‘सॉर्ट ऑफ’ लिहिलं की मोजमापाबद्दल काहीच कळत नाही, लिहिणाऱ्याची धास्ती तेवढी कळते.

ही धास्ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचते आणि ती माहितीवरच जाऊन बसते, याचा चांगला अभ्यास अमेरिकेतल्या न्यायालयांत झाला आहे. १९७० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ विल्यम ओबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या साक्षींच्या ध्वनिफिती ऐकल्या. त्यांनी एकच साक्ष दोन तऱ्हांनी वदवून घेतली. एकीत ‘मला वाटतं’, ‘म्हणजे तसं’, ‘बहुतेक’ असे शब्द पेरलेले होते आणि दुसरीत ते काढलेले होते. तथ्यं दोन्हीत तीच. ऐकणाऱ्यांना चाचरत दिलेली साक्ष कमी विश्वासार्ह वाटली. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. त्याआधी रॉबिन लेकॉफ यांनी ही बोलण्याची तऱ्हा स्त्रियांची म्हणून वर्णन केली होती. ओबार आणि बोमन अॅटकिन्स यांनी १९८० मध्ये मांडलं की न्यायालयात तसं बोलणारे पुरुषही होते आणि तसं न बोलणाऱ्या स्त्रियाही होत्या. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या, किंवा न्यायालयाचा सराव असलेल्या व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, फारशा चाचरत नव्हत्या. अधिकार आणि सराव ज्यांच्याकडे कमी, ते जास्त चाचरत होते.

मेलमध्ये ही अडचण वाढते. समोरासमोर ‘जरा बघता का?’ म्हणताना आपला चेहरा आणि आवाज सांगून जातो की प्रकरण गंभीर आहे. मेलमध्ये यातलं काही जात नाही, पण लिहिणाऱ्याला ते गेल्यासारखं वाटतं, कारण लिहिताना तो आवाज त्याच्या डोक्यात चालू असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे तपासलं. काही वाक्यं उपरोधाची आणि काही गंभीर, अशी ती मेलने पाठवायला सांगितली. आपला सूर वाचणारा सहज ओळखेल अशी पाठवणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काटा केल्यापेक्षा फार वेगळे निघाले नाहीत. आपल्या इंजिनिअरचंही तेच झालं. ‘पॉसिबल असेल तर होल्ड करा’ हे त्याने पोटात गोळा येऊन लिहिलं असेल, पण वाचणाऱ्याच्या पडद्यावर फक्त ‘पॉसिबल असेल तर’ आलं.

मराठी माणसाच्या इंग्रजी मेलमध्ये हे शब्द इतके का येतात? मला याचं एक कारण आपल्या क्रियापदांत दिसतं. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावं’ अशा पायऱ्या आपल्याला आयत्या मिळतात. इंग्रजीत ‘सेंड’ एकच. त्यामुळे वरिष्ठांना किंवा ग्राहकाला नुसतं ‘सेंड’ लिहिताना हात अडखळतो आणि राहून गेलेला आदर भरून काढायला आपण ‘जस्ट’, ‘इफ पॉसिबल’, ‘काइंडली’, ‘मे बी’ ओततो. आदर दाखवण्याची ही इच्छा चांगलीच आहे. पण इंग्रजी वाचणाऱ्याला, विशेषतः तो अमेरिकेत किंवा जर्मनीत बसलेला असेल तर, त्या शब्दांत आदर दिसत नाही, अनिश्चितता दिसते. गंमत अशी की ठामपणा आणि आदर एकत्र ठेवण्याचा नमुना आपल्याच सरकारी पत्रव्यवहारात आहे. ‘तरी कृपया उपरोक्त माहिती दिनांक १५ पर्यंत या कार्यालयास सादर करावी’ हे वाक्य रूक्ष असेल, पण त्यात उद्धटपणा नाही आणि तारखेबद्दल संशयही नाही. इंग्रजीत हेच काम ‘प्लीज’, थेट क्रियापद आणि तारीख ही तीन मिळून करतात.

मग सगळे चाचरते शब्द खोडून टाकायचे का? इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक सल्ले इथेच चुकतात. २०१५ च्या अखेरीस ‘जस्ट नॉट सॉरी’ नावाची ब्राउझरमध्ये बसणारी एक छोटी सोय निघाली. जीमेलमध्ये ‘जस्ट’, ‘सॉरी’, ‘आय थिंक’ असे शब्द आले की ती स्पेलिंग चुकल्यासारखी खाली रेघ ओढत असे. शब्द शोधायला ती उपयोगी होती. पण कोणता शब्द खऱ्या शंकेचा आणि कोणता भीतीचा, हे अशा रेघेला कळू शकत नाही.

मेलमधली शंका दोन जातींची असते. एक वस्तुस्थितीबद्दलची: कारण अजून कळलेलं नाही, तारीख दुसऱ्या कुणावर अवलंबून आहे. दुसरी स्वतःच्या जागेबद्दलची: मी हे सांगावं का, साहेबांना राग येईल का, मी कोण थांबवा म्हणणारा. दुसऱ्या जातीची शंका मेलमधून पूर्ण काढावी, वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. पहिल्या जातीची काढता येत नाही, काढली तर मेल खोटा होतो. ती ठेवायची, पण आकार देऊन.

आकार न दिलेल्या शंकेचं काय होतं, याचं उदाहरण अमेरिकन गुप्तचर खात्याच्या इतिहासात आहे. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गोटाकडून हल्ला होण्याबद्दल एक अहवाल तयार झाला. त्यात हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं होतं. अहवाल करणाऱ्यांपैकी एक शेर्मन केंट. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, याचा अर्थ नेमका काय? केंट म्हणाले, माझ्या मते शंभरात पासष्ट. अधिकारी दचकला, कारण त्याने तो आकडा खूपच कमी धरला होता. मग केंट यांनी अहवालाला मान्यता देणाऱ्या स्वतःच्या सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं. कुणाच्या मनात शंभरात वीस होते, कुणाच्या मनात ऐंशी. एका शब्दावर सगळ्यांनी सही केली होती आणि प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीवर केली होती. केंट यांनी १९६४ मध्ये यावर निबंध लिहिला आणि ‘बहुधा’, ‘जवळजवळ नक्की’ अशा शब्दांना आकडे ठरवून द्यावेत असं सुचवलं. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत आज तेच होतं. तिथे ‘संभाव्य’ म्हणजे शंभरात किमान सहासष्ट आणि ‘अतिशय संभाव्य’ म्हणजे किमान नव्वद. जगातली सर्वांत सावध शास्त्रीय भाषाही शंका लपवत नाही, ती शंका मोजून सांगते.

कारखान्यातल्या इंजिनिअरला टक्केवारी देण्याची गरज नाही. त्याने तीन गोष्टी सांगितल्या की पुरे: काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि ते कधी कळेल. आता तोच मेल पुन्हा लिहून पाहू. विषयाच्या ओळीत ‘ब्रॅकेट लॉटबाबत’ असं न लिहिता ‘ब्रॅकेट लॉट वापरू नये: भोकाचं माप जास्त’ असं लिहायचं, कारण मोबाइलवर बऱ्याचदा तेवढंच वाचलं जातं. मग मजकूर:

“सर, काल पाठवलेला ४,८०० ब्रॅकेटचा लॉट कृपया लाइनवर घेऊ नये. आमच्याकडच्या ५० नगांपैकी ७ नगांचं भोक मर्यादेबाहेर आहे. कमाल मर्यादा ८.१०, सर्वांत मोठं माप ८.१६ मिमी. सातही नग दुसऱ्या पाळीत ड्रिल बदलल्यानंतरचे आहेत, त्यामुळे कारण बहुधा ड्रिलची धार आहे. ड्रिल तपासून उद्या सकाळी ११ पर्यंत नक्की सांगतो. आमचे दोन ऑपरेटर गेज घेऊन उद्या ९ वाजता तुमच्या स्टोअरमध्ये येतील आणि संपूर्ण लॉट ५ पर्यंत तपासून देतील. त्यांच्या गेटपासची व्यवस्था आज करावी. या त्रासाबद्दल दिलगीर आहे.”

या मेलमध्ये एक ‘बहुधा’ अजून आहे आणि तो तिथेच राहायला हवा. दोन ओठ असमान घासले गेलेलं ड्रिल भोक मोठं पाडतं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत असतं. ड्रिल बदलल्यानंतरच माप बिघडलं, हा पुरावाही आहे. पण मशीनचा स्पिंडल हलत असेल तरीही भोक मोठं येतं, आणि स्पिंडल अजून तपासलेला नाही. म्हणून ‘कारण ड्रिलच आहे’ असं ठोकून लिहिणं चूक ठरेल. उद्या दोष स्पिंडलचा निघाला तर या इंजिनिअरच्या पुढच्या मेलवर कुणी विसंबणार नाही. तसंच ५० पैकी ७ म्हणून ‘लॉटमधला चौदा टक्के माल खराब’ असंही लिहायचं नाही. बिघाड ड्रिल बदलल्यानंतरचा असेल तर पहिल्या पाळीचा माल चांगला असू शकतो आणि त्यानंतरचा त्याहून जास्त खराब. आत्मविश्वासाच्या नावाखाली पुराव्यापुढे धावणारी वाक्यं मी बरीच वाचली आहेत, आणि चाचरणाऱ्या वाक्यांइतकंच नुकसान तीही करतात.

‘५ पर्यंत’ हा ठामपणा कुठून आला, तेही पाहण्यासारखं आहे. भोकात गेज घालून एक नग तपासायला साधारण सहा सेकंद धरले तर ४,८०० नगांना आठ तास लागतात. दोन माणसं असली तर चार तास. नऊला सुरू केलं की जेवणाची सुट्टी आणि खोकी उघडणं-बांधणं धरूनही पाचपर्यंत काम उरकतं. हा हिशेब केला नसता तर ‘लवकरात लवकर तपासायचा ट्राय करतो’ असंच वाक्य आलं असतं. ‘ट्राय’ बहुतेक वेळा न केलेल्या हिशेबाच्या जागी बसलेला असतो. हिशेब करूनही तारीख नक्की होत नसेल, तर कशावर अडलं आहे ते लिहावं: “स्टील बुधवारी आलं तर माल शनिवारी निघेल. स्टील आलं की नाही हे बुधवारी संध्याकाळी कळवतो.” यात शंका पूर्ण शिल्लक आहे, तरी वाचणाऱ्याला आपली पुढची आखणी करता येते.

बाकीच्या शब्दांपैकी ‘जस्ट’ सर्वांत चिवट. ‘जस्ट फॉलोइंग अप’ने सुरू होणाऱ्या मेलला उत्तर न देणं फार सोपं असतं, कारण त्यात विचारलेलं काहीच नसतं. त्याऐवजी: “मंगळवारी पाठवलेल्या कोटेशनवर तुमचा निर्णय गुरुवारपर्यंत हवा. त्यानंतर ऑर्डर आली तर माल या महिन्यात देता येणार नाही.” इथे घाई कुणावर लादलेली नाही, घाईचं कारण दिलं आहे. अर्थात ‘रिपोर्ट जस्ट मिळाला’ यातला ‘जस्ट’ म्हणजे ‘आत्ताच’. तो माहिती देतो, त्याला हात लावू नये.

‘आय थिंक’ लिहिलं गेलं की स्वतःला विचारावं, मी काय सांगतो आहे? मोजलेली गोष्ट असेल तर तो शब्द काढून टाकावा. सल्ला असेल तर ‘आय रेकमेंड’ लिहावं, म्हणजे मत कुणाचं आणि जबाबदारी कुणाची हे स्पष्ट होतं. अंदाज असेल तर लगेच पुढे ‘कारण’ लावावं. न्यूझीलंडच्या भाषाशास्त्रज्ञ जॅनेट होम्स यांनी दाखवलं आहे की बोलण्यात ‘आय थिंक’ कधी कधी उलट मत ठासून मांडण्यासाठीही येतं. पण ते सुरावर अवलंबून असतं, आणि मेलमध्ये सूर पोचत नाही हे आपण पाहिलंच.

‘सॉरी’ची जागा एकच: प्रत्यक्ष नुकसान किंवा त्रास झाला असेल तिथे, एकदा. वरच्या मेलमध्ये ग्राहकाला खरोखर त्रास आहे, म्हणून दिलगिरी ठेवली, पण शेवटी, उपाय सांगून झाल्यावर. प्रश्न विचारल्याबद्दल किंवा आठवण केल्याबद्दल माफी मागत गेलं की खऱ्या चुकीच्या वेळची माफीही त्यातच हरवते.

सगळ्यांना हा ठामपणा सारख्याच भावात मिळत नाही, हेही सांगायला हवं. लिंडा कार्ली यांनी १९९० मध्ये केलेल्या प्रयोगात पुरुष श्रोत्यांवर चाचरत बोलणाऱ्या स्त्रियांचा प्रभाव ठाम बोलणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त पडला आणि स्त्री श्रोत्यांवर उलट. पुरुष कसे बोलतात याने मात्र फरक पडला नाही. म्हणजे ‘मेल ठाम लिही’ असं एखाद्या मुलीला सांगून काम संपत नाही. तिच्या मेलला ‘उर्मट’ म्हणणाऱ्या आणि तसाच मेल लिहिणाऱ्या मुलाला ‘क्लिअर’ म्हणणाऱ्या वरिष्ठाला तो भेद दाखवून द्यावा लागतो. तोवर एक गोष्ट मदतीची ठरते. विनंतीच्या आधी कारण लिहिलं की ती हुकमासारखी वाचली जात नाही. “सात नग मर्यादेबाहेर आहेत, म्हणून लॉट कृपया थांबवावा” या वाक्यात थांबवायला सांगते ती मोजणी.

आणि जिथे मऊपणा हवा तिथे तो ठेवावाच. नव्या सहकाऱ्याच्या पहिल्या अहवालावर अभिप्राय देताना, कुणाच्या घरी दुःख झालं असताना, ज्याच्यावर आपला काहीच हक्क नाही अशा माणसाकडे उपकार मागताना ‘जमलं तर’ हेच खरं असतं. त्याला खरोखर न जमण्याची मुभा आहे. लॉट थांबवण्याबाबत खरेदी अधिकाऱ्याला ती मुभा नव्हती, म्हणून तिथे ‘पॉसिबल असेल तर’ चुकीचं होतं.

आज एखादा महत्त्वाचा मेल पाठवणार असाल तर त्यातलं विनंतीचं वाक्य शोधा. कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं हे तिन्ही त्या वाक्यात नसेल, तर ते आधी भरा आणि मगच मेल पाठवा.